एकूण ६० किलो, तरी लोणचं बसेना

आज विमानाच्या बॅगांचा हिशोब. आमच्या घरचे अनसिंगहून नागपूरला गाडीने आणि तिथून विमानाने बंगळुरूला माझ्याकडे येणार होते: आई, बाबा, ताई, भाऊजी आणि दीड वर्षाची भाची. ताईने नियमांचा स्क्रीनशॉट पाठवला.

त्यातून मी तीनच ओळी उचलल्या. चेक-इन माणशी १५ किलो, माणशी एकच बॅग, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला चेक-इन सामान नाही. स्क्रीनशॉटमध्ये खालची टीप कापली गेली असेल तर मूळ पान उघडून बघा. आपलं तिकीट कोणत्या प्रकारचं, प्रवास देशातला की परदेशातला, यावर आकडा बदलतो.

आता गणित. चार माणसं, ६० किलो. पण रिकाम्या बॅगेलाही वजन असतं. आमच्या बॅगा ४, ३.५, ३ आणि २.५ किलोच्या, म्हणजे १३ किलो तिथेच गेले. घरचा काटा आणि विमानतळावरचा काटा जुळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक बॅग १४ किलोवरच थांबवायची. उरले ४३.

सामान किती? कपडे माणशी ५, बाळाचं ४, तूरडाळ १०, ज्वारीचं पीठ ५, हळद २, लोणचं २. बेरीज बरोबर ४३! सगळे खूश.

पण शीटमध्ये एका बॅगेला एक ओळ दिली. B मध्ये रिकामी बॅग, पुढे सामान, आणि शेवटी उरलेली जागा:

```
=14-B2-SUM(C2:F2)
```

उत्तर उणे आलं की बॅग जड झाली. पहिल्या बॅगेत कपडे आणि ५ किलो डाळ, जागा शून्य. दुसरीत कपडे आणि पीठ, उरला अर्धा किलो. तिसरीत कपडे आणि उरलेली डाळ, उरला एक किलो. चौथीत कपडे, बाळाचं सामान आणि हळद, उरला अर्धा किलो. जागा एकूण दोन किलो, पण दोन किलोची बरणी एकाही बॅगेत बसेना!

म्हणून एकूण बेरीज बघून थांबायचं नाही. मर्यादा बॅगेला आहे, घराला नाही. एका तिकिटावरच्या लोकांचं वजन काही कंपन्या एकत्र धरतात, पण नियमात तसं लिहिलेलं नसेल तर गृहीत धरू नका. आईने लोणचं अर्ध्या किलोच्या चार घट्ट पिशव्यांत भरलं: तिसऱ्या बॅगेत दोन, दुसऱ्या आणि चौथ्या बॅगेत एकेक.

वजन करायला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा उत्तम. घरी माणसांचा काटा असेल तर बॅग घेऊन उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. तेच दोनदा करून आकडा वेगळा आला, तर एक किलोची मोकळी जागा दीड करा.

पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. भेटू पुढच्या भागात!