उत्तरतालिका, हरकत आणि कट-ऑफचा तक्ता
(अभ्यासिकेत विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा कशी द्यायची हे सांगायला मी आलेलो नाही. पेपर देऊन घरी आल्यावर जी कागदपत्रं एकामागून एक जाहीर होतात, ती कशी वाचायची एवढंच आज बोलणार आहे. पहिली उत्तरतालिका, मग हरकती, मग अंतिम उत्तरतालिका, आणि शेवटी गुणवत्ता यादी व प्रवर्गनिहाय कट-ऑफ. आपल्या वस्तीत या कागदांबद्दल ऐकीव माहिती फार आणि वाचलेली माहिती थोडी असते.

समजा एक मुलगी आहे. जातीचं प्रमाणपत्र तांबोळी, म्हणजे इतर मागास प्रवर्ग. तिने लोकसेवा आयोगाच्या धर्तीचा एक पेपर दिला. प्रश्न 100, प्रत्येकी 2 गुण, आणि चुकीच्या उत्तराला पाव हिस्सा म्हणजे अर्धा गुण वजा. आकडे माझे आहेत, पद्धत खरी आहे.

पहिली उत्तरतालिका आली की आधी आपल्या प्रश्नपुस्तिकेचा संच पाहायचा. ए, बी, सी, डी या चारही संचांत प्रश्न तेच, पण क्रम वेगळा. बी संचाची पुस्तिका आणि ए संचाची तालिका घेऊन बसलात तर उत्तरं वीस-पंचवीसच जुळतील आणि रात्रभर झोप लागणार नाही. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत समोर ठेवा. आठवणीवर जाऊ नका, कारण पुस्तिकेत खूण एक आणि गोल रंगवलेला दुसराच, असं होतं.

या मुलीची 61 उत्तरं बरोबर आली, 31 चुकली, 8 तिने सोडली होती. बरोबरचे 122, त्यातून साडेपंधरा वजा. 106.5 गुण. हा आकडा कच्चा आहे. याच्यावर पेढे वाटू नयेत आणि घरात सुतकही पाळू नये.

आता हरकत. पहिली तालिका आली की काही ठरावीक दिवस हरकती घेतात. त्या ऑनलाइनच, आपल्या खात्यातून, आणि अनेक भरत्यांत प्रत्येक प्रश्नामागे शुल्क असतं. शुल्क आहे म्हणून दहा प्रश्नांवर दगड मारून पाहता येत नाही. दोन-तीन निवडावे लागतात.

निवडायचे कसे? एका नमुन्यावर पाहू. प्रश्न असा: मतदानाचं वय 21 वरून 18 करणारी घटनादुरुस्ती कोणत्या वर्षीची? पर्यायांत 1988 आहे आणि 1989 सुद्धा आहे. तालिकेत उत्तर 1989. आपल्या मुलीने 1988 रंगवलं आहे. ती 61वी घटनादुरुस्ती. कायद्याच्या नावातच 1988 आहे, पण अंमल 28 मार्च 1989 पासून. म्हणजे ‘कोणत्या वर्षीची’ म्हटलं तर 1988, ‘कधीपासून लागू’ म्हटलं तर 1989. हरकत इथे बसते.

ती लिहायची कशी हेही महत्त्वाचं. ‘माझं उत्तर बरोबर आहे, कृपया विचार व्हावा’ ही हरकत नाही, ती विनवणी आहे. हरकतीत काय मागतो ते स्पष्ट हवं: तालिकेतला पर्याय चूक असून दुसरा बरोबर आहे, की दोन पर्याय बरोबर आहेत, की एकही बरोबर नाही, की मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक आहे. वरच्या नमुन्यात आपण लिहू, ‘प्रश्नात दुरुस्ती कोणत्या वर्षीची असं विचारलं आहे, अंमलाचं वर्ष विचारलेलं नाही. अधिनियमाचं वर्ष 1988 आहे, म्हणून तो पर्याय ग्राह्य धरावा.’ सोबत पुरावा म्हणून संविधानाच्या अधिकृत प्रतीतलं अनुच्छेद 326 चं पान, ज्याच्या तळटीपेत दुरुस्तीचं वर्ष आणि अंमलाची तारीख दोन्ही दिलेली आहेत. क्लासच्या नोट्स किंवा गाईड जोडू नका. तज्ज्ञ समितीपुढे मूळ कायदा, राजपत्र, पाठ्यपुस्तक किंवा विद्यापीठीय ग्रंथ चालतो. पानाचा क्रमांक लिहा आणि ती ओळ अधोरेखित करा.

मुदत संपल्यावर कोणी ऐकत नाही. अंतिम तालिका लागली की त्यावर निवेदनं घेतली जात नाहीत. मग मॅट किंवा न्यायालय उरतं. तिथेही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका जुनी आणि ठाम आहे. 1983 च्या कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की तालिका चूक असल्याचं उघडउघड दिसत असेल तरच ती बाजूला ठेवता येते. 2017 मध्ये रणविजय सिंह खटल्यात तेच आणखी कडक केलं: शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला. म्हणून जे सांगायचं ते त्या मोजक्या दिवसांतच सांगायचं.

अंतिम तालिका आली. आपल्या मुलीची हरकत मान्य झाली, एक उत्तर बदललं. चुकीचं बरोबर झालं की दोन मिळतात आणि कापलेला अर्धाही परत येतो, म्हणजे फायदा अडीच गुणांचा. शिवाय दोन प्रश्न रद्द झाले. त्यातला एक तिचा बरोबर होता, दुसरा चुकलेला. आता हिशेब: बरोबर 61, चूक 29. 122 मधून साडेचौदा गेले, 107.5 राहिले.

पण कितीपैकी? रद्द प्रश्नांचं काय करायचं याचे नियम संस्थेनुसार वेगळे आहेत. कुठे ते प्रश्न नुसते वगळतात, म्हणजे 196 पैकी 107.5. कुठे पुन्हा 200 च्या प्रमाणात आणतात, तेव्हा 109.69. कुठे सगळ्यांना त्या प्रश्नांचे पूर्ण गुण देतात, म्हणजे 111.5. एकाच उत्तरपत्रिकेचे तीन आकडे. मुलं म्हणतात, आमच्यावर अन्याय झाला, दुसऱ्या भरतीत बोनस देतात. शांतपणे पाहा: या तिन्ही पद्धतींत क्रम बदलत नाही. तुमच्या पुढचा पुढेच राहतो, फक्त आकडा हलतो. क्रम बदलतो तो प्रश्न सोडवलेल्यांनाच गुण दिले तर. काळजी घ्यायची ती एवढीच की कट-ऑफ ज्या पद्धतीने काढला, त्याच पद्धतीने आपले गुण काढायचे. 107.5 हा आकडा 109 च्या कट-ऑफसमोर धरून रडणारी, प्रत्यक्षात 109.69 गुण असलेली मुलं मी पाहिली आहेत.

आता कट-ऑफचा तक्ता. आडव्या ओळींत प्रवर्ग, उभ्या रकान्यांत सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक वगैरे. प्रत्येक चौकटीतला आकडा म्हणजे त्या चौकटीतून शेवटच्या शिफारस झालेल्या उमेदवाराचे गुण. तो उत्तीर्ण होण्याचा आकडा नाही, आणि जागा भरण्याआधी कोणी ठरवलेलाही नाही.

तो तयार कसा होतो? समजा अराखीव जागा 10, त्यातल्या 30 टक्के म्हणजे 3 महिलांसाठी. आधी जात न पाहता पहिले दहा घेतात. त्यांचे गुण 152, 149, 147, 146, 144, 143, 141, 140, 138, 137. यात 147 वाली एकच महिला. मग आणखी दोन हव्यात. शेवटचे दोन पुरुष, 138 आणि 137 वाले, या यादीतून बाहेर जातात, आणि खालच्या महिलांपैकी सर्वांत वरच्या दोघी आत येतात. एक 131 वाली, दुसरी 129 वाली. तक्त्यात अराखीव सर्वसाधारणचा कट-ऑफ 140 आणि अराखीव महिलाचा 129 छापला जातो. पहिल्या दहातच तीन महिला असत्या तर एकही जादा घ्यावी लागली नसती. तेव्हा महिला रकान्यात डॅश दिसला तर ‘एकही बाई निवडली नाही’ असा अर्थ लावू नका.

त्यातली 131 वाली म्हणजे आपलीच मुलगी, पुढच्या टप्प्यातले गुण धरून. ती ओबीसी. मग तिला अराखीव महिलेची जागा कशी? यावर वाद झाले, शासनाची परिपत्रकं आली-गेली. 18 डिसेंबर 2020 ला सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अराखीव जागा कोणत्याही जातीची मालमत्ता नाही, तिथे गुणवत्तेने कोणीही येतं, राखीव प्रवर्गातली महिलासुद्धा. समजा ओबीसी महिलेचा कट-ऑफ 126 आहे. आपली मुलगी अराखीवमध्ये बसली, म्हणून ती ओबीसी महिलेची जागा आणखी एकीला मिळाली. ‘तुला जागा ओबीसीतून मिळाली’ असं तिला कोणी म्हणालं तर तक्ता दाखवावा.

यात एक अट असते आणि ती जाहिरातीतच लिहिलेली असते. वयाची किंवा इतर सवलत घेतली असेल तर अराखीव जागेवर दावा राहत नाही, असं कलम अनेक जाहिरातींत आहे. फॉर्म भरताना सवलतीच्या रकान्यात ‘होय’ दाबण्याआधी ते कलम वाचा.

138 वाल्या मुलाचं काय? तो ओबीसी असेल आणि ओबीसी सर्वसाधारणचा कट-ऑफ 132 असेल तर त्याला तिथे जागा आहे. कोणताच प्रवर्ग नसेल तर तो बाहेर. त्याची नाराजी समजू शकते. पण त्याची जागा गेली ती महिला आरक्षणामुळे, ओबीसी आरक्षणामुळे नाही. राग कुठल्या रकान्यावर काढायचा हे तरी नीट कळावं.

मला नेहमी विचारतात, यात मुस्लिमांचा कट-ऑफ कुठे आहे? कुठेही नाही. 2014 साली पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, त्याचा कायदा झाला नाही आणि तो संपला. धर्म हा तक्त्यातला प्रवर्ग नाही. तांबोळी, मोमीन, पिंजारी कुटुंबातली मुलं ओबीसीच्या ओळीत, छप्परबंद विमुक्त जाती अ च्या ओळीत, आणि प्रमाणपत्र नसलेली किंवा ओपनमधली अराखीव किंवा ईडब्ल्यूएसच्या ओळीत वाचायची. अर्जात प्रवर्गाचा दावा केलाच नसेल तर निकालानंतर तो करता येत नाही. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र जाहिरातीत मागितलेल्या कालावधीचं आहे ना, हे अर्ज भरतानाच पाहायचं.

शेवटचं, अनेक सत्रांत संगणकावर होणाऱ्या भरत्यांबद्दल. 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 214 गुण पाहून लोकांनी घोटाळा घोटाळा म्हणून ओरड केली. घोटाळ्याची चौकशी मागायला हरकत नाही, पण 214 हा आकडा त्याचा पुरावा होत नाही. सत्रं वेगवेगळी, पेपर वेगवेगळे, म्हणून सोप्या-अवघडाचा फरक काढायला गुणांचं सामान्यीकरण करतात, आणि अवघड सत्रात अव्वल आलेल्याचे गुण त्या गणितात 200 च्या वर जाऊ शकतात. अशा भरतीत उत्तरतालिकेवरून काढलेले तुमचे गुण आणि यादीतले गुण जुळणार नाहीत. यादीत सामान्यीकृत गुण छापले आहेत की मूळ, हे वरच्या टिपेत लिहिलेलं असतं. ती टीप आधी वाचा. आणि यादी ‘तात्पुरती’ असेल तर पसंतीक्रम आणि काहींनी भरतीतून बाहेर पडणं यांनंतर खालची नावं वर सरकतात, त्यामुळे दोन-चार गुणांनी राहिलेल्यांनी अंतिम यादी लागेपर्यंत रोज संकेतस्थळ उघडत राहावं. प्रश्न असतील तर विचारा, पुस्तिका आणि कार्बन प्रत आणली असेल तर तिच्यावरूनच बोलू.