चौदा एकरांचं उत्तर

बारावीच्या उत्तरपत्रिकेतला लिनिअर प्रोग्रॅमिंगचा आलेख कसा तपासायचा, ते आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पिकांवरच पाहू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. आकडे गणितापुरते धरले आहेत.

एका शेतकऱ्याकडे १० एकर जमीन आहे. सोयाबीनला एकरी २० मजूर-दिवस लागतात, कपाशीला ४०, आणि हाताशी आहेत २८०. सोयाबीनचा एकरी नफा १५ हजार, कपाशीचा २० हजार. कोणतं पीक किती पेरावं?

आडव्या अक्षावर सोयाबीनचे एकर घ्या, उभ्यावर कपाशीचे. जमिनीची रेषा आडव्या अक्षावर १० आणि उभ्यावरही १० ला टेकते. मजुरांची रेषा आडव्यावर १४ आणि उभ्यावर ७ ला टेकते. मी आधी हे चार बिंदू पाहतो. १४ आणि ७ यांची अदलाबदल झाली, तर पुढचं सगळंच घसरतं.

मग छायांकन. दोन्ही अटी 'जास्तीत जास्त इतकं' अशा आहेत. काहीच पेरलं नाही तरी त्या मोडत नाहीत, म्हणून आरंभबिंदूकडची बाजू घ्यायची. दोन्ही अटी पाळणारा चौकोन उरतो. त्याचे कोपरे: (०, ०), (१०, ०), (६, ४) आणि (०, ७). काही मुलं नको असलेली बाजू रंगवतात आणि हवा तो भाग कोरा ठेवतात. तसं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मी ते बरोबरच धरतो.

खरी कसोटी पुढे आहे. एका मुलाच्या दोन्ही रेषा अचूक, छेदबिंदू (६, ४) हाही समीकरणं सोडवून काढलेला. पण त्यानं उजवीकडचा, दोन रेषांमधला त्रिकोण रंगवला. त्याचे कोपरे (१०, ०), (१४, ०) आणि (६, ४). नफा आला १५०, २१० आणि १७० हजार. त्यानं २१० निवडला. रीत बरोबर, प्रदेश चुकीचा.

इथे मी रेषांचे गुण देतो आणि कोपऱ्यांवर नफा काढून तुलना केल्याचेही देतो. छायांकनाचे आणि अंतिम उत्तराचे मात्र देत नाही. एकाच चुकीसाठी सगळा प्रश्न कापणं मला न्याय्य वाटत नाही.

बरोबर चौकोनात नफा येतो शून्य, १५०, १७० आणि १४० हजार. म्हणजे ६ एकर सोयाबीन, ४ एकर कपाशी आणि १ लाख ७० हजार रुपये.

मुलांनो, उत्तराखाली रेघ ओढण्याआधी ते दोन्ही अटींत घालून पाहा. ६ आणि ४ मिळून १० एकर झाले. १२० आणि १६० मिळून २८० मजूर-दिवस झाले. त्या मुलाच्या उत्तरातही मजूर बरोबर २८०च लागतात. पण १४ एकर सोयाबीन पेरायचं कुठे? शेत तर १० एकरांचंच आहे.