जिम बघायला जाताना सोमवारी संध्याकाळी जा

माझं गाव सिद्धेश्वर, पूर्णेच्या धरणाजवळचं. आमच्यासाठी ‘घराजवळची जिम’ म्हणजे औंढ्याची, नाहीतर मग त्याहून लांब हिंगोलीची.

पहिल्या वेळी मी काय केलं? दुपारी दोनला जिम बघायला गेलो. एसी, आरसे, सगळं रिकामं. लगेच तीन महिन्यांची फी भरून आलो. संध्याकाळी साडेसहाला व्यायामाला गेलो, तर बारजवळ उभं राहायला जागा नाही!

माझा प्रोग्राम साधा होता. आठवड्यातून तीन दिवस, आणि दर वेळी स्क्वॉटचे पाच सेट, पाच-पाच रेप्स. आता हिशोब करा. एक सेट अर्ध्या मिनिटाचा, पण दोन सेटमध्ये तीन मिनिटं विश्रांती. म्हणजे साधारण पंधरा मिनिटं, वर वॉर्मअप. रॅक वीस-बावीस मिनिटं माझ्याकडे. रॅक एकच आणि पुढे दोघं असतील, तर पाऊण तास नुसतं बसायचं. एकासोबत आळीपाळीने जमतं, कारण तो उचलतो तेव्हा आपली विश्रांती होते. चौघं झाले की कुणाचंच धड होत नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मी सोमवारी संध्याकाळी गेलो. सोमवारी बरेच जण छातीचा व्यायाम करतात, त्यामुळे बेंचवरची खरी गर्दी दिसते.

मग सामान बघितलं. हिंगोलीच्या जिममध्ये मशिन्स भरपूर, पण स्क्वॉटसाठी फक्त स्मिथ मशिन. त्यातला बार रुळावरून सरकतो, तोल आपल्याला सांभाळावा लागत नाही. त्यामुळे तिथलं वजन मोकळ्या बारच्या स्क्वॉटशी जुळवता येत नाही. माझा प्रोग्राम तिथे चालणारच नव्हता.

औंढ्याला मोकळा रॅक होता, पण सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात. स्क्वॉटला सुरुवातीला चालतं. पण खांद्याच्या प्रेसला तीस किलोवरून थेट पस्तीस म्हणजे गाडी अडकलीच! आणि बार? सगळे म्हणत होते वीस किलोचा. काट्यावर ठेवला, तर बाराचा निघाला. तो आकडा वहीत लिहून ठेवला, म्हणजे हिशोब चुकत नाही.

शेवटी औंढाच निवडलं. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतः विकत घेतल्या, आता वाढ अडीच किलोची. वेळ सकाळी सहाची केली, रॅक मोकळा मिळतो. पण आधी मालकाला विचारलं, ‘दादा, शटर रोज सहाला उघडतं का?’ तरीही दोन दिवस स्वतः जाऊन पाहिलं, आणि फी एकाच महिन्याची भरली.

तर तुम्ही जाल तेव्हा प्रोग्राम कागदावर लिहून न्या. प्रत्येक व्यायामासमोर तिथलं सामान आणि तुमच्या वेळेला त्यावर थांबलेली माणसं लिहा. कागद भरला की मगच पैसे काढा.

चला, भेटू पुढच्या भागात!