पोक्या, नारबा आणि पानावरची उभी रेघ



समोरच्या रांगांत एम.ए.ची बरीच मुलं बसलेली दिसतात. परीक्षा तोंडावर आहे, त्यामुळे ती वह्या उघडूनच बसली आहेत. म्हणून मी थेट त्यांच्या पेपरातल्या प्रश्नालाच हात घालतो. ‘ग्रामीण वास्तववादी कादंबरी आणि नागर आधुनिकतावादी कादंबरी यांची तुलना करा.’ शब्द थोडे बदलतात, पण हा प्रश्न फिरून फिरून येतो. मी अनेक वर्षं त्याची उत्तरं तपासली आहेत. उत्तर साधारण एकाच साच्यातलं असतं. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडे गाव, समूह, बोलीभाषा, दुष्काळ. उजवीकडे शहर, व्यक्ती, एकाकीपणा, तुटलेपण. खोटं ठरवता येईल असं त्यात काही नसतं, म्हणून गुण द्यावे लागतात. मीही देत आलो.

एका वर्षी मात्र तासिकांच्या वेळापत्रकातल्या गोंधळामुळे मला भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ आणि आनंद यादव यांचा ‘गोतावळा’ एकाच आठवड्यात शिकवावा लागला. सोमवारी मुंबईचा नाका, गुरुवारी कोल्हापूरकडचा मळा. शनिवारपर्यंत ती उभी रेघ माझ्याच फळ्यावर टिकेना. आजचं बोलणं त्या आठवड्याविषयी आहे.

सुरुवात करतो ती एका जुन्या आणि सर्वांच्या आवडत्या पुस्तकापासून, म्हणजे ‘बनगरवाडी’पासून. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातली धनगरांची वाडी, तिथं नव्यानं नेमलेला कोवळा मास्तर, शाळा, तालीम, राजेसाहेबांची भेट आणि शेवटी दुष्काळानं ओस पडलेली वस्ती. हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मी एवढंच विचारतो, की हे सांगतो कोण? मास्तर. आणि कुठल्या भाषेत सांगतो? छापील, स्वच्छ, शाळेच्या मराठीत. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी तोंड उघडतात तेव्हा माणदेशी बोली येते. अवतरणचिन्ह मिटलं की बोली थांबते आणि मास्तरांची भाषा पुन्हा सुरू होते.

तेव्हा ‘बनगरवाडीची भाषा ग्रामीण आहे’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. तिचं संभाषण ग्रामीण आहे, निवेदन ग्रामीण नाही. या दोन भाषांमधली फट म्हणजे माडगूळकरांची कसर नव्हे. कादंबरी त्या फटीतच उभी आहे. मास्तर वाडीत राहतो, वाडीवर जीव लावतो, पण तो सरकारी हुकमानं आलेला असतो आणि हुकमानंच जाणार असतो. शेकूचा प्रसंग आठवा. औताला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको स्वतः जू खांद्यावर घेते. सांगणारा इथं हळहळत नाही आणि व्याख्यानही देत नाही. काय दिसलं ते सांगतो. आपण याला वास्तववाद म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण असं पाहता येतं ते बांधावर उभ्या असलेल्या माणसाला. जू ज्याच्या खांद्यावर आहे त्याला ते असं दिसणार नाही. वास्तववादाला एक अंतर लागतं, आणि ‘बनगरवाडी’त ते अंतर व्याकरणातच बसवलेलं आहे.

आता मुंबईला येऊ. ‘वासूनाका’ 1965 चा. त्यावर केवढं काहूर उठलं होतं, आचार्य अत्र्यांनी त्याच्यावर कशी तोफ डागली होती, हे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आरोप अश्लीलतेचा होता. मला मात्र नेहमी वाटत आलं आहे, की लोकांना बोचलं ते वेगळंच होतं. नाक्यावरची पोरं साहित्यात त्याआधीही आली होती. पण ती अवतरणचिन्हांत यायची. कुणीतरी शिकलेला लेखक त्यांना बोलायला लावायचा आणि मग आपल्या शुद्ध मराठीत त्यांची कीव करायचा किंवा त्यांना नावं ठेवायचा. पाध्यांनी तो मधला सद्गृहस्थच काढून टाकला. सांगतो तो पोक्या, नाक्यावरच्या टोळीतलाच एक. निवेदनही त्याच्या बोलीत. वाचकाला टेकायला सभ्य भाषेतलं एकही वाक्य उरत नाही, आणि त्यामुळे वाचकाला आपणही त्या कट्ट्यावरच बसलो आहोत असं वाटू लागतं. अस्वस्थता तिथून येते.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या आठवड्यापर्यंत दिसली नव्हती. पोक्या एकटा नाही. तो टोळीसाठी, टोळीच्या देखत, टोळीच्या शब्दांत बोलतो. गल्लीतली एकेक पोरगी, एकेक भानगड यांची खबर सगळ्यांना आहे. कोण कुणाबरोबर दिसलं, कुणाच्या घरात काय शिजतंय, हे नाक्याला चाळीच्याही आधी कळतं. हे गाव नाही तर काय आहे? बनगरवाडीच्या चावडीवर जे चालतं तेच इथं चालतं, फक्त चावडीवर म्हातारे बसतात आणि नाक्यावर बेकार पोरं. म्हणजे शहरी कादंबरीच्या रकान्यात आपण ‘समूहाचा अभाव’ लिहितो, आणि इथं निवेदनाचा सूरच समूहाचा निघतो.

गुरुवारी ‘गोतावळा’ हातात घेतला. साल 1971. नारबा हा मळ्यावर राबणारा गडी. त्याला घर नाही, बायको नाही. लग्नाची आस आहे, ती पुरी होत नाही. त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यावरची जनावरं. बैल, म्हशी, कुत्रं, कोंबड्या, हीच त्याची सोयरी. पुढे मालकाच्या डोक्यात नवी शेती शिरते, ट्रॅक्टर येतो, आणि बैलांचं काम संपतं. काम संपलेलं जनावर मळ्यावर पोसलं जात नाही. एकेक करून हे कुटुंब मोडत जातं.

कथानक एवढंच सांगितलं, तर ही यांत्रिकीकरणाची शोकांतिका आहे, असं म्हणून विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जरा थांबा. यादवांनी ही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत नारबाच्या तोंडून, कागल-कोल्हापूर भागातल्या बोलीत लिहिली. मास्तर नाही, अवतरणचिन्हांची फट नाही. नेमकं जे पाध्यांनी सहा वर्षांपूर्वी मुंबईत केलं तेच. बोलीला संवादातून उचलून निवेदनाच्या जागी बसवलं. निवेदनाची रचना पाहिली तर ‘गोतावळा’ ‘वासूनाका’च्या शेजारी बसतो, ‘बनगरवाडी’च्या नव्हे. आणि हे अडाणी, सहज उमटलेलं बोलणं आहे असंही समजू नका. यादव विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक होते. ही त्यांनी समजून-उमजून केलेली निवड आहे.

मग फरक कुठे आहे? नारबा कुणाशी बोलतो, यात. पोक्याला ऐकणारे दहाजण आहेत. नारबाचं बोलणं ऐकायला माणूस नाही. मालकाशी गड्यानं बोलायचं ते कामापुरतं. म्हणून तो मनातल्या मनात बोलत राहतो, आणि मधूनमधून बैलाशी. दिवसभराच्या कामाच्या ओघात आठवण, भीती, वासना, जनावराचा वास, सगळं एकात एक मिसळून येतं. मनाच्या अशा सलग वाहण्याचा प्रयोग बा. सी. मर्ढेकरांनी 1942 साली ‘रात्रीचा दिवस’मध्ये केला होता, आणि तेव्हापासून तो आपण शहरी, बुद्धिवादी, पाश्चात्त्य वळणाचा म्हणून उजव्या रकान्यात लिहीत आलो. इथं तो गोठ्यात येऊन बसला आहे. मराठीतल्या एकाकी निवेदकांत मी नारबाला फार वर धरतो. कॉफीच्या कपासमोर बसून एकटे असणारे नायक आपल्याकडे बरेच आहेत. त्यांना निदान दुसऱ्या एखाद्या कॉफीगृहात जाता येतं.

आता कुणी म्हणेल, की शहरातला आधुनिकतावाद म्हणून ‘वासूनाका’ निवडून तुम्ही सोयीचा सामना लावलात. आक्षेप मान्य आहे. म्हणून किरण नगरकरांचं ‘सात सक्कं त्रेचाळीस’ घेऊ. साल 1974, म्हणजे ‘गोतावळ्या’नंतर तीनच वर्षं. पाढा चुकलेला आहे तो शीर्षकातच. बेचाळीसच्या जागी त्रेचाळीस. हिशेब जुळणार नाही, हे आधीच सांगून ठेवलं आहे. कुशंक पुरंदरे सांगतो ते क्रमानं सांगत नाही. घटना पुढची मागे आणि मागची पुढे येते, आणि मधेच तो एका ‘तू’ला उद्देशून बोलू लागतो. ही ‘तू’ कोण, हे वाचकाला ताबडतोब कळत नाही. इथं उजवा रकाना बऱ्यापैकी भरतो, मी नाही म्हणत नाही.

पण नारबाच्या शेजारी कुशंकला ठेवून वाचलं तर वेगळंच काही हाती लागतं. दोघंही ‘मी’ म्हणून बोलतात, दोघांनाही ऐकणारा हवा आहे. कुशंकचा ऐकणारा हजर नाही, तरी त्याच्याकडे ‘तू’ हे सर्वनाम आहे. नारबाचा ऐकणारा चार पायांचा आहे आणि तो विकला जातो. काळाचंही तसंच. कुशंकचा काळ तुकड्यांत मोडला आहे, कारण त्याला धरून ठेवणारं काही बाहेर नाही. नारबाच्या मळ्याला मात्र काळ होता. पेरणी, खुरपणी, मळणी. ट्रॅक्टर आल्यावर पेरणी थांबत नाही, पण तिच्यातली नारबाची जागा जाते. मोडतोड दोन्हीकडे आहे. एकीकडे वाक्यरचनेत, दुसरीकडे मळ्याच्या रोजच्या कामात. परीक्षकाला हे दाखवलंत, तर तुलना झाली. ‘एक ग्रामीण, एक शहरी’ म्हटलंत, तर पत्ता सांगितलात.

या वाचनाची मर्यादाही सांगतो. निवेदक आणि त्याची भाषा पाहिली म्हणजे सगळं पाहिलं असं होत नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 ची. तिथलं दारिद्र्य, कौतिकचं झगडणं, हे निवेदनाच्या रचनेवरून जोखायला गेलात तर हातात फार थोडं येईल. तिथं माणसाची मजुरी, शिलाईचं यंत्र, घरातलं आजारपण हेच बघावं लागतं. शिवाय बोलीत निवेदन केलं म्हणजे लेखक आपोआप खरा झाला, असंही नाही. नंतरच्या काळात बोली नुसती शिंपडलेल्या कादंबऱ्या ढिगानं आल्या. ओळखायची कशी? सोपं आहे. एक परिच्छेद घ्या आणि त्यातले शब्द प्रमाण मराठीत बदला. काहीच हरवलं नाही, तर बोली वरून लावलेली होती. ‘गोतावळ्या’वर हे करून बघा, तिसऱ्या ओळीतच अडाल. कारण नारबा जगाकडे ज्या क्रमानं पाहतो, तो क्रमच त्या वाक्यांत आहे.

मघाशी दारात एका विद्यार्थिनीनं विचारलं, मग ‘कोसला’ कुठल्या रकान्यात लिहू? नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 ची. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, पैसा आणि वर्षं घालवतो, आणि परत सांगवीला जातो. रकान्याच्या हिशेबानं तो रेघेवरच उभा आहे. म्हणून गाईडवाले त्याला कधी इकडे टाकतात, कधी तिकडे. त्याची भाषा ऐका. ती सांगवीची बोली नाही आणि पुण्याची शिष्ट मराठीही नाही. वसतिगृहातल्या पोरांची थट्टेखोर, अतिशयोक्तीची, मधेच इतिहाससंशोधकाचा आव आणणारी भाषा आहे. आणि धाकटी बहीण मनी मरते तिथं ती थट्टा त्याच्या हाताशी राहत नाही. गाव आणि शहर यांच्यामध्ये ज्याला दोन्हीकडची भाषा पुरत नाही, अशा मुलानं स्वतःपुरती जुळवलेली ही भाषा आहे. त्या मुलीला मी सांगितलं, रेघ मारूच नकोस. पहिलं पान उघड, कोण बोलतंय आणि कुणाला सांगतंय ते लिही, आणि मग पांडुरंग सांगवीला परतल्यावर त्या बोलण्यात काय बदललं ते शोध.