शेततळे कोठे खणावे?

मी नागपूरच्या नंदनवन भागात राहतो. पावसाळ्यात आमच्या गल्लीतले पाणी कोठे जाते, असे विचारले तर लहान पोरही सांगेल, की नाग नदीला. पण त्या नदीत पाणी येते कोठून, हे विचारले, की मोठी माणसेही थबकतात. ही नदी शहराच्या पश्चिमेकडील लाव्याच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरी तलावातून शहरात शिरते, आमच्या वस्तीजवळून पूर्वेला जाते आणि पुढे कन्हानला मिळते. २०२३ सालच्या २३ सप्टेंबरला पहाटेच्या अंधारात अंबाझरीवरून पाणी लोटले आणि नदीकाठच्या वस्त्यांत शिरले. ज्यांच्या घरात पाणी आले त्यांच्या अंगणात पडलेला पाऊस त्याला पुरेसा नव्हता. ते पाणी वरच्या सगळ्या मुलखाचे होते. जेवढ्या मुलखाचे पाणी वाहत वाहत एका जागी येते, तेवढा मुलूख म्हणजे त्या जागेचे पाणलोट क्षेत्र.

आता हीच गोष्ट शेततळ्याला लावून पाहा. तळ्यात पाणी किती येणार हे तळ्याच्या खोलीवर ठरत नाही. त्या जागेला पाणलोट किती आहे यावर ते ठरते. पाणलोट तुटपुंजा असेल तर तळे कोरडे राहते आणि फार मोठा असेल, म्हणजे जागा नाल्यातच असेल, तर तळे दोन-चार वर्षांत गाळाने भरते किंवा त्याचा बांध फुटतो. तेव्हा खणण्यापूर्वी पाणलोट आखून घ्यावा. तो कसा आखावा, हे मी आज एका शेताच्या उदाहरणाने सांगणार आहे.

नागपूरच्या पूर्वेला कुहीच्या बाजूचे एक शेत. काळी जमीन, डोळ्याला सपाट दिसणारी. शेतकरी आमच्या परिचयाचे. आग्नेयेचा कोपरा खोलगट, तेथे पीक धड येत नाही, म्हणून तळे तेथेच खणावे असा त्यांचा विचार. "सर, खोलगट जागा तेच आहे, पाणी तिथंच येईन ना!" ते म्हणाले. मी दोघा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो.

जमिनीच्या उंचीचे आकडे आज फुकट मिळतात. २००० सालच्या फेब्रुवारीत ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. आपल्या इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावरही कार्टोसॅट उपग्रहावरून काढलेली उंची मिळते. ते आकडे संगणकावर घेतले, की गावाचा नाला कोणता, त्याचा पाणलोट कोठून कोठवर, हे चांगले कळते. पण या आकड्यांतले प्रत्येक घर साधारण तीस मीटर लांब-रुंद असते आणि रडारच्या आकड्यांत उंची पुऱ्या मीटरात दिलेली असते. आमच्या शेताचा एकूण उतार जेमतेम मीटर-सव्वा मीटर. तेथे बहुतेक घरांत एकच आकडा आला आणि संगणकाने शेतावर पट्टीने ओढल्यासारख्या समांतर रेषा काढल्या. श्रोतेहो, पाणी असे पट्टीने आखून वाहत नाही. अशा सरळ समांतर रेषा दिसल्या, की समजावे, येथे आकडे अपुरे पडले आणि संगणकाने अंदाज मारला. शिवाय रडारला झाडाचा शेंडाही जमीनच वाटतो. म्हणून गावासाठी उपग्रहाचा आकडा घ्यावा आणि शेतासाठी आपला आपण मोजावा.

मोजायला गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. नळीची दोन टोके मोजपट्टी लावलेल्या दोन काठ्यांना बांधायची. दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीवर राहते, म्हणून ज्या काठीवर आकडा जास्त, ती जागा तेवढी खाली. सुरुवातीला दोन्ही काठ्या एकाच जागी उभ्या करून आकडे जुळतात का ते पाहावे. जुळले नाहीत तर नळीत हवेचा बुडबुडा आहे. आम्ही शेतात तीस-तीस मीटरांवर पंचवीस खुंट्या ठोकल्या आणि शेताबाहेरचा एक दगड शून्य धरून प्रत्येक खुंटीची उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली. कागदावर पाच घरे लांब आणि पाच घरे रुंद असा पट तयार झाला. वरची ओळ उत्तरेची:

१५० – १३८ – १३० – १४० – १३२
१४० – १२० – १०८ – १२५ – ११२
१२८ – ११० – ८५ – ११२ – ९२
११८ – ९५ – ६२ – ९८ – ७२
१०५ – ८० – ४० – ८५ – ३६

आता नियम एकच. प्रत्येक घराने आपल्या आठही शेजाऱ्यांकडे पाहायचे आणि जिकडे उतार सर्वांत तीव्र, तिकडे आपले पाणी द्यायचे. तिरप्या शेजाऱ्याचे अंतर तीस नसून सुमारे बेचाळीस मीटर असते, हे मात्र विसरायचे नाही. दुसऱ्या ओळीतले दुसरे घर घ्या, उंची १२०. पूर्वेचा शेजारी १०८ वर, म्हणजे तीस मीटरांत बारा सेंटिमीटर उतार. दक्षिणेचा ११० वर, तीस मीटरांत दहा. पण आग्नेयेचा तिरपा शेजारी ८५ वर, म्हणजे बेचाळीस मीटरांत पस्तीस. मीटरामागे उतार येथेच जास्त, तेव्हा पाणी तिकडे. अशा रीतीने पंचवीस घरांत पंचवीस बाण काढायचे.

मग समजा, प्रत्येक घरात एक घागर पाणी पडले. बाणांमागून चालत जा आणि कोणत्या घरात किती घागरी येतात ते मोजा. जेथे घागरी भराभर वाढत जातात ती ओहळाची रेषा. आमच्या पटात ती तिसऱ्या उभ्या रांगेतून खाली उतरली आणि शेवटच्या ओळीतल्या मधल्या घरात, म्हणजे ४० च्या घरात, अठरा घागरी आल्या. आग्नेयेच्या कोपऱ्यात मात्र सातच. गंमत अशी, की कोपरा ३६ वर आहे, शेतातली सर्वांत खालची जागा तीच. पण मध्ये चौथ्या रांगेचा उंचवटा आडवा येतो आणि पाण्याची वाटणी करतो. जागा खोल असणे वेगळे आणि तिला पाणलोट असणे वेगळे.

शाळेत हा पट मुलांकडून करून घेणाऱ्या गुरुजनांना एक सूचना. मुलाने ६२ च्या जागी चुकून २६ लिहिले, तर ते घर सगळ्या शेजाऱ्यांहून खाली जाते आणि घागरी तेथेच अडकतात. असा खोटा खड्डा उपग्रहाच्या आकड्यांतही असतो. संगणक तो आधी बुजवतो, मगच बाण काढतो. पण त्या जागी खरीच बोडी किंवा विहीर असेल, तर ती बुजवून चालणार नाही. म्हणून खड्डा दिसला, की आधी जागेवर जाऊन पाहावे.

आता हिशेब. एका घराचे क्षेत्र नऊशे चौरस मीटर. अठरा घरांचे झाले १.६२ हेक्टर. आपल्याकडे पावसाळ्यात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला दीडशे मिलिमीटर वाहून येतो असे धरू. एका हेक्टरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा घनमीटर, तेव्हा मधल्या घरात हंगामात सुमारे २४३० घनमीटर पाणी येईल. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल आणि बाजू एकास एक उताराच्या, अशा तळ्यात २१९६ घनमीटर मावते. म्हणजे मधले घर तळे भरून टाकील. कोपऱ्यातल्या सात घरांचे पाणी जेमतेम ९४५ घनमीटर, निम्मेही नाही. मी खुशीत येऊन सांगितले, तळे मध्ये घ्या.

शेतकरी काही बोलले नाहीत. मला घेऊन शेतातून चालू लागले. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींच्या मधून पूर्व-पश्चिम एक जुना धुरा गेला होता, गुडघाभर उंच. आमच्या खुंट्या त्याच्या दोन्ही बाजूंना पडल्या होत्या, धुऱ्यावर एकही नाही. त्याच्या वरच्या अंगाला, ओहळाच्या रेषेवर, वाळलेल्या गाळाची पापुद्र्यासारखी साय आणि काडीकचऱ्याची ओळ होती. तेथे वीतभर पाणी साचते, मग ते उंचवट्यावरून पूर्वेला सरकते आणि धुऱ्याच्या उघड्या टोकाने खाली उतरते. "म्हणून तर म्हणत होतो, कोपऱ्यात पाणी येते," ते म्हणाले.

आम्ही पुन्हा घागरी मोजल्या. धुऱ्यावरची दहाही घरे कोपऱ्याकडे गेली. मधल्या घराकडे दहा घागरी राहिल्या, कोपऱ्याकडे पंधरा झाल्या. मधले घर आता १३५० घनमीटरचे, कोपरा २०२५ चा, त्यातून धुऱ्यापाशी मुरेल ते वजा. माझे ऐकून मध्ये खणले असते, तर तीस मीटरांचे तळे थोडे अर्ध्यावर भरून राहिले असते. धुरा फोडून पाणी मध्ये आणता आले असते, पण तो माती धरून ठेवतो, म्हणून तो विचार सोडला. शेवटी कोपराच ठरला आणि तळे पंचवीस मीटरांचे घेतले, साधारण १४६० घनमीटरचे. मुरणे, उन्हाने आटणे, कमी पावसाचे वर्ष, या सगळ्याला थोडी जागा राहावी म्हणून. पाणी आत येते तेथे गाळ बसायला लहानसा खड्डा आणि जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवला.

तीस मीटरांवरच्या खुंट्यांना मीटरभर रुंदीचा धुरा दिसत नाही. उपग्रहालाही दिसत नाही. पांदणीचा भराव, रस्त्याखालची मोरी, धानाच्या बांध्या यांचेही तसेच. मोरी न कळल्यामुळे संगणक रस्त्याच्या भरावामागे तलाव समजतो आणि पाण्याला भलतीच वाट देतो. बांधीत अडलेले पाणी तळ्यापर्यंत येतच नाही, तेव्हा तेवढी घरे मोजणीतून वगळावीत. आणि आपला पट आपल्या धुऱ्यावर संपवू नये. वरच्या शेजाऱ्याच्या शेतातून पाणी येत असेल, तर खुंट्या तेथवर न्याव्या, अर्थात त्यांना विचारून.

तेव्हा कागदावर रेषा आली, की तिच्यावरून एकदा पायी चाला. काडीकचरा कोठे अडला आहे, गाळाची साय कोठे आहे, गवत कोणत्या बाजूला लवले आहे ते पाहा. शक्य असेल तर पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जा. रेषा आणि खुणा जुळल्या तर खणा. जुळल्या नाहीत, तर खुंट्यांच्या मध्ये काय उभे आहे ते शोधा आणि घागरी पुन्हा मोजा.