पुनरावर्ती संबंध आणि उकलींचा अवकाश

ज्या क्रमिकेचे प्रत्येक पद तिच्या आधीच्या ठरावीक पदांवरून मिळते, त्या क्रमिकेचा नियम सांगणाऱ्या समीकरणाला पुनरावर्ती संबंध म्हणजेच रिकरन्स रिलेशन म्हणतात. आणि आधीची पदे स्थिर सहगुणकांनी गुणून केवळ त्यांची बेरीज घेतलेली असेल, त्यांचे वर्ग किंवा परस्परांचे गुणाकार त्यात येत नसतील, तर तो संबंध रेषीय ठरतो. अशा संबंधावरून हजारावे पद काढायचे झाल्यास मधली सगळी पदे एकामागून एक काढत जावे लागते, म्हणून n ही संख्या ठेवताच पद हाती देणारे सूत्र शोधणे, यालाच उकल म्हणायचे. वर्गसमीकरणाची मुळे काढण्याची रीत आणि गणिती विगमन या दोन गोष्टी श्रोत्यांना अवगत आहेत असे गृहीत धरून त्यांची उजळणी येथे केलेली नाही.

या व्याख्यानाचे प्रतिपादन एकच आहे, आणि ते आरंभीच सांगणे योग्य होईल. पुनरावर्ती संबंधाला एक उकल नसते, उकलींचा एक संपूर्ण अवकाश असतो. तो अवकाश किती मितींचा आहे हे आधी मोजावे आणि मुळांकडे त्यानंतर वळावे. वर्गात बहुधा याच्या उलट घडते: संबंध दिसला की विद्यार्थी लाक्षणिक समीकरण मांडतो, मुळे काढतो, सूत्र लिहितो, आणि दोन मुळे सारखी निघाली की जागच्या जागी अडतो, कारण मुळे कशासाठी काढली जात होती हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

उदाहरण फिबोनाचीच्या सशांचे घेण्याऐवजी मात्रावृत्तांचे घेतले आहे, कारण तेथे संबंध कोठून उगवतो हे अक्षरांतच दिसते. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा, एवढे ठाऊक असले की प्रश्न असा मांडता येतो: n मात्रा लघू-गुरूंच्या किती निरनिराळ्या रचनांनी भरतील? चार मात्रांसाठी पाच रचना होतात, आणि त्या पाच शब्दांत दाखवता येतात: सीता, भारत, गणेश, कविता, परिमल. यांतील भारत, गणेश आणि परिमल हे शब्द लघूने संपतात. तो शेवटचा लघू काढला की भार, गणे आणि परिम उरतात, आणि तीन मात्रांच्या ज्या तीन रचना संभवतात त्या नेमक्या याच आहेत. सीता आणि कविता हे शब्द गुरूने संपतात. तो गुरू काढला की सी आणि कवि उरतात, म्हणजे दोन मात्रांच्या दोन्ही रचना. शेवटचे अक्षर लघू की गुरू या एकाच प्रश्नाने सगळ्या रचनांची दोन गटांत विभागणी झाली, कोणतीही रचना सुटली नाही आणि कोणतीही दोनदा आली नाही. म्हणून रचनांची संख्या M(n) मानल्यास

```
M(n) = M(n-1) + M(n-2)
```

हा संबंध मिळतो. शून्य मात्रांची रचना एकच, ती म्हणजे रिकामी, आणि एका मात्रेचीही एकच. म्हणून क्रमिका १, १, २, ३, ५, ८, १३ अशी चालते. पाठ्यपुस्तकांतील फिबोनाची क्रमिका ० पासून सुरू होते, एवढाच तिच्यात आणि हिच्यात एका पायरीचा फरक.

गणिताच्या व्याख्यानात छंदःशास्त्राला एवढी जागा कशाला, अशी शंका सभागृहात उमटली असल्यास तिचे उत्तर इतिहासात आहे. आधीच्या दोन मात्रासंख्यांच्या रचना एकत्र केल्या की पुढच्या मात्रासंख्येच्या रचना मिळतात, हा नियम विरहांकाच्या ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात आहे, आणि विरहांकाचा काळ इसवी सनाच्या ६०० ते ८०० या दरम्यान मानला जातो. हा ग्रंथ संपादित करून अभ्यासकांपुढे ठेवण्याचे काम ह. दा. वेलणकर यांनी केले. पुढे ११५० च्या सुमारास हेमचंद्राने ‘छंदोनुशासना’त हाच नियम सांगितला, पिसाच्या लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा, ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ चा आहे. प्रश्न कोण आधी एवढाच नाही. छंदःशास्त्रकारांना रचनांचा प्रस्तार, म्हणजे सर्व रचनांची क्रमवार मांडणी, खरोखरच करायची होती, आणि त्या मांडणीतच शेवटच्या अक्षरावरून गट पाडण्याची युक्ती अंगभूत होती. १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त घातलेला गाईंचा प्रश्नही याच जातीचा आहे: गाय दरवर्षी एक वासरू देते आणि ते वासरू चौथ्या वर्षापासून स्वतः वासरे देऊ लागते, म्हणून तेथे पुढचे पद लगतच्या मागील पदावर आणि त्याहून दोन पदे मागे असलेल्या पदावर अवलंबून राहते. या शाखेबद्दल सांगण्याजोगे बरेच आहे, परंतु नियोजित वेळेचा मोठा भाग येथेच खर्ची पडल्याने उकलीकडे वळणे भाग आहे.

मात्रांचा संबंध पाळणाऱ्या दोन क्रमिका घेऊन त्यांची पदवार बेरीज केली, किंवा एखादी क्रमिका कोणत्याही संख्येने गुणली, तरी मिळणारी क्रमिका तोच संबंध पाळते. म्हणून सर्व उकली मिळून एक सदिश अवकाश बनतो. पहिली दोन पदे मनाला येतील ती घ्यावीत, तिसऱ्यापासून पुढचे सारे ठरूनच जाते, म्हणजे स्वातंत्र्य नेमके दोन संख्यांचे आहे आणि अवकाश दोन मितींचा आहे. तेव्हा एकमेकींच्या पटीत नसलेल्या कोणत्याही दोन उकली हाती आल्या की प्रत्येक उकल त्यांच्यापासून घडवता येईल. अशा दोन उकलींच्या शोधात सर्वांत साधी क्रमिका, म्हणजे 1, x, x², x³ ही भूमिती श्रेढी, तपासून पाहिली असता ती संबंध पाळण्यासाठी x² = x + 1 एवढेच पुरेसे ठरते. यालाच लाक्षणिक समीकरण म्हणतात. त्याची मुळे φ = (1+√5)/2, म्हणजे सुमारे १.६१८, आणि ψ = (1−√5)/2, म्हणजे सुमारे −०.६१८ अशी आहेत. दोन मुळांच्या दोन श्रेढी मिळाल्या, गरजही दोनचीच होती; म्हणून M(n) = Aφⁿ + Bψⁿ असे लिहून, पहिली दोन्ही पदे १ आहेत या माहितीवरून A आणि B काढले की

```
M(n) = (φ^(n+1) - ψ^(n+1)) / √5
```

हे सूत्र मिळते. n = 4 ठेवल्यास अंश ११.०९०१७ + ०.०९०१७, म्हणजे ११.१८०३४ होतो आणि त्याला २.२३६०७ ने भागले की ५ येतात. सीता ते परिमल हेच ते पाच.

सुरुवातीची पदे संबंधाइतकीच निर्णायक असतात, हे कागद-पेन्सिलीने पाहण्याजोगे आहे. पहिले पद १ आणि दुसरे ψ घेतल्यास क्रमिका ψⁿ हीच असायला हवी आणि तिची पदे चिन्ह बदलत शून्याकडे जायला हवीत. परंतु ψ च्या जागी −०.६१८ लिहून बेरजा करत गेल्यास पदे ०.३८२, −०.२३६, ०.१४६, −०.०९०, ०.०५६, −०.०३४, ०.०२२, −०.०१२, ०.०१०, −०.००२ अशी येतात आणि त्यानंतर ०.००८, ०.००६, ०.०१४, ०.०२० अशी वाढू लागतात. बेरजेत चूक झालेली नाही. तीन दशांश स्थळांवर थांबल्यामुळे φⁿ या श्रेढीचा सुमारे ०.००००१५ एवढा अंश सुरुवातीच्या पदांत शिरला, आणि प्रत्येक पायरीला १.६१८ पट होत तो बाराव्या पायरीपर्यंत मूळ क्रमिकेपेक्षा मोठा झाला. संगणकावर सोळा अंकांच्या अचूकतेने हेच केले तरी चाळिसाव्या पदाच्या आसपास तोच प्रकार होतो. लहान होत जाणाऱ्या पदांची चिन्हे आलटूनपालटून यायची थांबली, हीच याची खूण होय.

उरलेल्या वेळात, विद्यार्थी जेथे अडतात त्या जागेला हात घालणे आवश्यक आहे. n मात्रांच्या सगळ्या रचना लिहून काढल्या तर त्यांत मिळून किती लघू येतील? ही संख्या L(n) मानू. वरच्या पाच शब्दांत अनुक्रमे ०, २, २, २ आणि ४ लघू आहेत, म्हणजे L(4) = 10. शेवटच्या अक्षराचाच विचार पुन्हा केल्यास, लघूने संपणाऱ्या M(n−1) रचनांपैकी प्रत्येकीत एक लघू वाढतो, म्हणून

```
L(n) = L(n-1) + L(n-2) + M(n-1)
```

येथे बाहेरून आलेले एक पद आहे, त्यामुळे हा संबंध समघाती नाही. रीत अशी की बाहेरच्या पदासारख्याच रूपाची एक उकल शोधावी आणि तिच्यात समघाती संबंधाची सर्वसाधारण उकल मिळवावी. परंतु बाहेरचे पद φⁿ आणि ψⁿ यांचेच बनलेले आहे, आणि Cφⁿ हे रूप ठेवून पाहिले असता φⁿ स्वतःच समघाती संबंध पाळत असल्याने C चा सगळा भाग कटून जातो आणि शून्य बरोबर φⁿ/√5 असे अशक्य समीकरण उरते. समीकरण असे अशक्य निघाले की निवडलेले रूप आधीपासूनच उकलींच्या अवकाशात आहे हे ओळखावे आणि त्याच्या बाहेरचे रूप घ्यावे.

ते बाहेरचे रूप म्हणजे nφⁿ. n ने गुणण्याची ही युक्ती अनेकदा पाठ केली जाते, परंतु तिचे कारण साधे आहे: जवळजवळ सारख्या अशा φ आणि φ+h या दोन मुळांच्या श्रेढींची वजाबाकी करून तिला h ने भागले आणि h शून्याकडे नेला की nφⁿ⁻¹ ही क्रमिका उरते, म्हणजे मुळे एकमेकांवर येताना हरवलेली दुसरी दिशा तीच आहे. लाक्षणिक समीकरणाचे मूळ दुहेरी असते तेथेही nxⁿ येते ते याच कारणाने. आता Cnφⁿ संबंधात ठेवल्यास n असलेला भाग कटतो, C(φ+2)φⁿ⁻² उरते, आणि φ+2 = √5·φ असल्यामुळे C = φ/5 मिळते; ψ साठी तसेच ψ/5. त्यात समघाती उकल मिळवून, L(0) = 0 आणि L(1) = 1 यांवरून उरलेले सहगुणक काढल्यास

```
L(n) = ( n(φ^(n+1) + ψ^(n+1)) + 2·M(n-1) ) / 5
```

असे सूत्र येते. φ⁵ + ψ⁵ = 11 आणि M(3) = 3, म्हणून n = 4 साठी (४४ + ६)/५ म्हणजे १० मिळतात, आणि पाच शब्दांतील लघूही दहाच आहेत. n मोठा असताना L(n) ला M(n) ने भागल्यास एका रचनेत सरासरी सुमारे n/√5 लघू येतात. म्हणजे प्रत्येक १०० मात्रांपैकी जवळपास ४५ मात्रा लघूंवर आणि उरलेल्या ५५ गुरूंवर खर्च होतात.