फर्स्ट कॉपीतली ‘पहिली’ कोणती?

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामच्या पानावर घड्याळाचा फोटो येतो आणि खाली ओळ असते: ‘सेव्हन-ए सुपर कॉपी, क्रोनो वर्किंग, ब्रँड बॉक्ससह, नो रिटर्न, जुईनगर स्टेशनवर मिळेल.’ शेजारीच तशाच घड्याळाची ‘फर्स्ट कॉपी’ वेगळ्या किमतीला असते. वाचणाऱ्याला वाटतं, या दर्जाच्या पायऱ्या आहेत. पायरी चढली की माल सुधारला. माझं म्हणणं असं की या पायऱ्या मालाच्या नाहीत, किमतीच्या आहेत. ‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द कॅसेटच्या जमान्यात शोभला असता. मूळ टेपवरून काढलेली पहिली प्रत बरी ऐकू यायची, प्रतीवरून प्रत काढली की खरखर वाढायची. घड्याळ किंवा बूट असे प्रतीवरून प्रत निघत नाहीत. नमुना किंवा फोटो समोर ठेवून ते साच्यात घडतात. तिथे ‘पहिली’ या शब्दाला अर्थच उरत नाही. ‘सुपर’, ‘मास्टर’, ‘सेव्हन-ए’ या दर्जांचं मानक कुठल्याही संस्थेने ठरवलेलं नाही. त्यामुळे एका दुकानातली ‘फर्स्ट’ दुसऱ्या दुकानात ‘सुपर’ म्हणून विकली, तरी चूक कुणाला दाखवताच येत नाही.

मग विक्रेता हे शब्द का वापरतो? एक तर माल नकली आहे हे तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे उद्या तक्रार आली तर ‘सांगूनच दिलं होतं’ म्हणता येतं. दुसरं, एकाच प्रकारच्या मालाला दोन-तीन किमती लावायला आधार मिळतो. तिसरं, ‘डुप्लिकेट’ शब्दातली नाचक्की ‘कॉपी’ शब्दात राहत नाही. घेणाऱ्याला आपण हुशारीने खरेदी केली असं वाटतं. असा माल बाजारातही मिळतो: मुंबईतल्या हिरा पन्ना मार्केटचं नाव अमेरिकी सरकारने २०२१ साली नकली मालाच्या कुप्रसिद्ध बाजारांच्या यादीत घातलं होतं. पण मार्केटमध्ये गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन उलटून पाहू शकतं. फोटोवर खरेदी करताना ती सोय नसते, म्हणून लेबलाचं वजन वाढतं.

यावर कुणी म्हणेल, विक्रेत्याने खरं सांगितलं, घेणाऱ्याने जाणून घेतलं, मग फसवणूक कुठे? घेणारा नावाबाबत फसत नाही हे मान्य. पण १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचं कलम १०४ खोटं चिन्ह लावलेला माल विकण्यालाच गुन्हा मानतं. ‘कॉपी’ असं लिहून तो गुन्हा पुसला जात नाही. शिवाय फसवणूक दर्जाबाबत होतेच, कारण तो मोजायला मापच नाही. दुसरा आक्षेप असा की गरिबाने हौस करायचीच नाही का? जरूर करावी. पण कॉपीच्या किमतीतला एक भाग उसन्या नावाचा असतो. तेवढ्याच पैशांत साधं, बिल आणि वॉरंटी असलेलं घड्याळ मिळत असेल, तर सगळा पैसा घड्याळावरच खर्च होतो.

म्हणून जाहिरात वाचताना आधी दर्जाचा शब्द खोडा आणि काय उरतं ते पाहा. वरच्या ओळीत ‘क्रोनो वर्किंग’ उरतं, आणि ते तपासता येतं. वरचं बटण दाबल्यावर स्टॉपवॉचचा काटा धावला पाहिजे, पुन्हा दाबल्यावर थांबला पाहिजे, खालचं दाबल्यावर शून्यावर आला पाहिजे. तबकडीवरचे छोटे गोल नुसते छापलेले असतील तर दावा तिथेच पडला. ‘ब्रँड बॉक्स’ म्हणजे नुसता खोका. त्याने घड्याळाबद्दल काहीच कळत नाही. ‘नो रिटर्न’ हा मात्र त्या ओळीतला सर्वांत प्रामाणिक शब्द आहे: आपल्या मालाची हमी विक्रेता स्वतःच देत नाही.

सगळ्या कॉपी सारख्या धोक्याच्या नसतात. नकली पट्टा तुटला तर पैसे जातात. नकली चार्जर तापला तर घर पेटू शकतं आणि नकली हेल्मेट फुटलं तर डोकं फुटतं. चार्जर आणि हेल्मेट या वस्तूंना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं आहे. चार्जरवर R- आणि पुढे आठ अंकी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाची ते दिसतं. हेल्मेटवर आयएसआय चिन्हासोबत IS 4151 हा मानक क्रमांक पाहा. क्रमांकच नसेल, किंवा तो भलत्याच कंपनीचा निघाला, तर ‘सुपर’ शब्दाने ती वस्तू सुरक्षित होत नाही. अस्सल सांगून नकली माल दिला असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. आणि चार्जर, हेल्मेट यांची कॉपी कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नका.